एका मीटरला एक प्रकाशवर्ष : शाळेच्या फाटकापासून ओढ्याच्या पुलापर्यंत

5 जानेवारी 2025

औसा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या फाटकापासून ओढ्यावरच्या पुलापर्यंत जवळपास सरळ गाडीवाट जाते. लांबी साधारण नऊशे मीटर. तिच्या कडेनं ताऱ्यांचे दगड लावायचे असं सातवीच्या वर्गाबरोबर ठरवलंय. फाटक म्हणजे आपण, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी दोन्ही. एक मीटर म्हणजे एक प्रकाशवर्ष. दगडावर ताऱ्याचं नाव, अंतर, आणि आज दिसतोय तो प्रकाश तिथून कधी निघाला ते साल. मुदत 28 फेब्रुवारी, विज्ञान दिन. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय.

आधी विचार होता शाळेची भिंत रंगवायचा, एका सेंटिमीटरला एक प्रकाशवर्ष धरून. कागदावर आखलं तेव्हाच तो बेत सोडला. व्याध, प्रश्वा आणि श्रवण हे तिन्ही तारे वीतभर जागेत आले, नावं एकमेकांवर चढली. शिवाय भिंतीपुढे उभं राहिलं की सगळे तारे एकदम दिसतात, चालावं लागत नाही. रस्त्यावर 67 मीटरवरच्या रोहिणीपर्यंत पायानं जावं लागतं.

या मापात फाटकावर काय मावतं तेही काढून घेतलं. एका प्रकाशवर्षात पृथ्वी-सूर्य अंतर 63,241 वेळा बसतं, म्हणून आपल्या मीटरमध्ये सूर्य पृथ्वीपासून 0.016 मिलिमीटरवर येतो. नेपच्यून अर्ध्या मिलिमीटरवर. 1977 मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-1 हे माणसानं सर्वांत लांब पोचवलेलं यान, ते आज अडीच मिलिमीटरच्या थोडं पुढे आहे. म्हणजे फाटकाच्या खांबावर पेनानं ठिपका दिला की सगळी सूर्यमाला त्यात आली. पुढचे चार मीटर मोकळे. मग मित्र तारा, 4.4 मीटरवर.

11 जानेवारी

प्रकाशवर्षाची व्याख्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. पण "व्याध 8.6 प्रकाशवर्षं, म्हणजे काय?" असं विचारलं तर निम्म्या वर्गानं सांगितलं की व्याधाचं वय साडेआठ वर्षं. एकानं सांगितलं, तो साडेआठ वर्षांनी एकदा उगवतो. म्हणून आजचा दिवस आकडेमोडीत घालवला.

शाळेतल्या साध्या कॅल्क्युलेटरवर आठच आकडे मावतात. सेकंदाचा वेग घेऊन वर्षापर्यंत गुणत गेलं की मध्येच `E` येतो आणि मुलं हात टेकतात. त्यावर उपाय म्हणजे टप्प्यानं, कोटीत करायचं. प्रकाश सेकंदाला 2,99,792 किलोमीटर जातो. दिवसाचे सेकंद 86,400. गुणाकार 2,590 कोटी किलोमीटर, ही प्रकाशाची एका दिवसाची चाल. तिला 365.25 नं गुणलं की 9 लाख 46 हजार कोटी किलोमीटर. हे झालं एक प्रकाशवर्ष. (365.25 दिवसांचं वर्ष घ्यायचं असा खगोलशास्त्रज्ञांचा संकेत आहे. 365 घेतलंत तरी पहिले तीन आकडे फारसे हलत नाहीत.)

फळ्यावर गुणाकार उभा राहिला आणि शेवटी एकक किलोमीटर आलं, तेव्हा "हे अंतर आहे" ही गोष्ट पटली. मग उलट प्रश्न. व्याध इतक्या अंतराच्या 8.6 पट लांब आहे, तर आज संध्याकाळी डोळ्यात शिरलेला प्रकाश तिथून कधी निघाला? 2025 च्या जानेवारीतून 8.6 वजा केले की 2016 चा जून येतो. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. या मुलांना ते अंधुक आठवतं, घरी त्याच्या गोष्टी होतात. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, व्याधावरून आत्ता कुणी बघितलं तर पाण्याची रेल्वे दिसंल?" दुर्बीण तेवढी मोठी मिळाली तर दिसेल, असं सांगितलं. तसली दुर्बीण कुणालाच बांधता येणार नाही, हेही सांगितलं.

12 जानेवारी

अंतरं कुठून घ्यायची हा पहिला खरा अडथळा. मोबाईलवरच्या ताऱ्यांच्या निरनिराळ्या ॲपमध्ये रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर आहे आणि 67 वरही आहे. काक्षीचं तर विचारूच नका, 430 पासून 720 पर्यंत काहीही मिळतं.

शेवटी ठरवलं की कुणाचंही तयार अंतर घ्यायचं नाही, मूळ मोजमाप घ्यायचं आणि अंतर आपण काढायचं. मूळ मोजमाप म्हणजे पराशय. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे आपला डोळा जवळजवळ 30 कोटी किलोमीटर सरकतो. तेवढ्यानं जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांपुढे किंचित हललेला दिसतो. त्या हालचालीच्या निम्मा कोन तो पराशय. मुलांना हात लांब करून अंगठा उभा धरायला लावला आणि एकेक डोळा मिटायला सांगितला, तेवढ्यात कळलं. अंगठा जवळ घेतला की जास्त हलतो.

ताऱ्यांचे कोन फार लहान असतात, म्हणून ते मिलीआर्कसेकंदात देतात, म्हणजे अंशाच्या छत्तीस लाखाव्या भागात. SIMBAD या खुल्या सूचीत ताऱ्याचं नाव टाकलं की `Parallaxes (mas)` अशी ओळ येते. व्याधासाठी `Sirius` टाकलं तर 379.21 आणि पुढे कंसात 1.58. कंसातला आकडा म्हणजे चुकीची मर्यादा. तो सोडू नका, पुढे सगळा प्रकल्प त्याच्यावरच फिरला. ठळक ताऱ्यांचे यातले बरेच आकडे युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहानं 1989 ते 1993 या काळात केलेल्या मोजणीतून आलेत.

सूत्र एकच :

```
अंतर (प्रकाशवर्षं) = 3261.56 / पराशय (mas)
व्याध : 3261.56 / 379.21 = 8.60
मघा  : 3261.56 / 41.13  = 79.3
```

मुलांनी स्वतः भागाकार केले. अभिजित 25.0, पुनर्वसूतला जास्त ठळक तारा 33.8, स्वाती 36.7, ब्रह्महृदय जवळपास 43, रोहिणी 66.6. तयार अंतरं कॉपी केली असती तर अर्ध्या तासात झालं असतं, याला दोन तास लागले. पण "हे अंतर मोजलं कुणी?" हा प्रश्न नंतर आला नाही.

19 जानेवारी

रस्ता मोजला. मोबाईलच्या जीपीएसवर खुणा करून पाहिल्या. उघड्या माळावरही तो तीन-चार मीटर इकडे-तिकडे दाखवतो. रस्ता बांधणाऱ्याला ते चालेल, आपल्याला नाही, कारण इथे चार मीटर म्हणजे चार वर्षं. प्रश्व्याचा 11.5 मीटरवरचा दगड जीपीएसनं लावला असता तर त्याचा प्रकाश 2009 मध्ये निघाला की 2017 मध्ये, हेच कळलं नसतं.

मग नायलॉनची दोरी घेतली, दर दहा मीटरला गाठ. सकाळी 80 मीटरपर्यंत खुणा झाल्या. दुपारी खेळाच्या मैदानाची फायबरची टेप मिळाली म्हणून पडताळून पाहिलं, तर मघाची खूण सव्वा मीटर पुढे गेली होती. दोरी ताणली जाते आणि मुलं ती जोर लावून ओढतात. सगळ्या खुणा पुसून टेपनं परत केल्या. सकाळ वाया गेली. दोरीच्या भानगडीत न पडता सरळ टेप मागून आणा.

300 मीटरच्या पुढे टेप सोडून सायकलच्या चाकाचे फेरे मोजले. चाकाला रंगाचा ठिपका, एक मुलगा ढकलणारा, एक मोजणारा. तिथे मीटर-दोन मीटरची चूक चालते. का चालते ते 16 फेब्रुवारीच्या नोंदीत.

27 जानेवारी

काल झेंडावंदनानंतर गावकऱ्यांना दाखवायचं म्हणून घाईनं लाकडी खुंट्या ठोकून चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. दाखवून झालं, लोकांनी कौतुकही केलं. पण सध्या कारखाना सुरू आहे. रात्री उसाच्या ट्रॉल्या याच वाटेनं गेल्या, सकाळी पाहतो तर चुना गायब आणि निम्म्या खुंट्या चाकाखाली मोडलेल्या. उरलेल्यांपैकी काही कुणाच्या तरी चुलीत गेल्या असाव्यात.

आता दगडच लावायचे. गावातल्या एका पडक्या वाड्याचे काळे दगड मालकानं फुकट दिले. ते रस्त्याच्या कडेला न ठेवता पलीकडे धुऱ्यावर ठेवायचे, म्हणजे ट्रॉलीचं चाक पोचणार नाही. शेतमालकांना आधी विचारलं. एकानं अट घातली की दगड नांगराच्या रेषेत येता कामा नये. म्हणून ब्रह्महृदयाचा दगड रस्त्यापासून हातभर आत सरकवला. फाटकापासूनचं अंतर तेवढंच ठेवलं.

2 फेब्रुवारी

रंगकाम सुरू केलं आणि लगेच थांबवलं. पेंटर व्याधाच्या दगडावर ऑइलपेंटनं "2016" लिहिणार, तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "सर, पुढल्या वर्षी हे 2017 करावं लागंल की."

बरोबर आहे. ताऱ्याचं अंतर तेच राहतं, पण तिथून आपल्याला दिसणारं साल दरवर्षी एकानं पुढे सरकतं. 2026 मध्ये व्याधाचा 2017 चा प्रकाश येईल. साल हा ताऱ्याचा गुण नाही. ताऱ्याचं अंतर आणि आपण बघतो तो दिवस यातून ते निघतं. म्हणून दगडाचे दोन भाग केले. वरच्या भागात पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव आणि प्रकाशवर्षं. खालच्या भागाला फळ्याचा काळा रंग, त्यावर साल खडूनं. दर विज्ञान दिनाला सातवीनं पुसून नवं लिहायचं. पाऊस पडला की साल धुऊन जाणार, पण अंतर माहीत असलं की वजाबाकी कुणालाही येते.

अंतर तरी कायम राहतं का, हे मग मुलांनीच विचारलं. तारे हलतात. व्याध आपल्याकडे सेकंदाला साडेपाच किलोमीटर वेगानं येतोय. शंभर वर्षांत तो किती सरकेल ते आमच्या रस्त्यावर मोजलं, तर दोन मिलिमीटरपेक्षा कमी. दगड हलवायची गरज नाही.

9 फेब्रुवारी

मघाचा दगड 79.3 मीटरवर. पराशय 41.13, मर्यादा 0.35. दोन्ही टोकं धरून भागाकार केला तर अंतर 78.6 ते 80.0 येतं. म्हणजे आज दिसणारा मघाचा प्रकाश साधारण 1945 च्या शेवटी निघाला, आठ-नऊ महिने मागे-पुढे. तेव्हा आमचं गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं.

दगड रंगवत असताना एक आजोबा काठी टेकत आले. "काय करायलाव सर?" मुलांनी समजावलं. आजोबा म्हणाले, "मग माझ्या जन्माचा दगड कुठाय?" आधार कार्डावर त्यांची तारीख 1 जून 1946. इथे कुणाच्याही शाळेच्या दाखल्यावर 1 जून दिसला की समजायचं, मास्तरांनी अंदाजानं टाकलेली तारीख. आजोबांना विचारलं तर म्हणाले, आई सांगायची की पोलीस ॲक्शनच्या वेळी मी रांगत होतो. पोलीस ॲक्शन 1948 च्या सप्टेंबरातली. रांगतं मूल म्हणजे जन्म 1947 च्या शेवटी नाहीतर 1948 च्या सुरुवातीला. कागद आणि आई यांत दीड-दोन वर्षांचा फरक.

वर्गासाठी ही चांगली गोष्ट निघाली. मघा ताऱ्यापासून प्रकाश कधी निघाला हे आम्हाला आठ-नऊ महिन्यांच्या आत सांगता येतं. तीन शेतं पलीकडे जन्मलेल्या माणसाचा जन्म कधीचा हे तेवढ्या नेमकेपणानं सांगता येत नाही. आईचं म्हणणं खरं धरलं तर आजोबांची जागा 77 मीटरवर, मघाच्या दोन मीटर अलीकडे. त्या अंतरावरचा ठळक तारा मला सूचीत मिळाला नाही. आजोबा म्हणाले, दोन वर्षं थांबतो मग. थांबले तर बरोबर होईल. त्यांचं वय 79 च्या पुढे गेलं की त्यांच्या जन्माच्या वेळी मघावरून निघालेला प्रकाश इथे पोचलेला असेल.

मुलांनी मग घराघरांत वयं विचारली. बारा वर्षांच्या मुलांसाठी प्रश्वा सोयीचा पडला, साडेअकरा मीटरवर. वर्गातल्या बहुतेकांच्या जन्माच्या वेळचा प्रश्व्याचा प्रकाश येऊन गेलाय. चौदा-पंधरा वर्षांच्यांची पंचाईत झाली. त्या अंतरावर डोळ्यांना ठळक दिसणारा तारा नाही, त्यांना श्रवणासाठी 16.7 पर्यंत थांबावं लागेल.

10 फेब्रुवारी

पुनर्वसूतल्या दुसऱ्या ताऱ्याचा, कॅस्टरचा, दगड अडकलाय. पराशय 64.12, म्हणजे 50.9 प्रकाशवर्षं आणि साल 1974. पण कंसातली मर्यादा 3.75 आहे, शेजारच्या ताऱ्याच्या चौदापट. कारण कॅस्टर हा एक तारा नाही, एकमेकांभोवती फिरणारे सहा तारे आहेत. त्यांतले दोन ठळक तारे एवढे जवळ आहेत की उपग्रहाला त्यांचं मिश्रण दिसतं आणि मोजमाप डळमळतं. साल 1971 ते 1977 मध्ये कुठेही पडतं.

शाळेतल्या एका शिक्षकांचा आग्रह होता की याला 72 च्या दुष्काळाचा तारा म्हणावं, गावात सगळ्यांना पटेल. पटेल खरं, पण मोजमाप तेवढं सांगत नाही. दगडाऐवजी धुऱ्यावर सहा मीटर लांब पांढरी पट्टी ओढली, 48 पासून 54 पर्यंत. दुष्काळाचं वर्ष त्या पट्टीत येतं, एवढंच मुलांनी सांगायचं.

16 फेब्रुवारी

आजचा दिवस काक्षीचा. मृग नक्षत्रातला तांबूस तारा, सध्या रात्री जेवणाच्या वेळी डोक्यावर असतो. लहान पोरंही ओळखतात. आणि नेमकं याचंच अंतर नीट मोजलेलं नाही.

हिप्पार्कसच्या पहिल्या हिशेबात काक्षी 427 प्रकाशवर्षांवर आला. त्याच मोजमापाची 2007 मध्ये फेरतपासणी झाली तेव्हा 498. 2008 मध्ये रेडिओ दुर्बिणींची मोजमापं मिसळली तेव्हा 643, 2017 मध्ये 724. 2020 मध्ये ताऱ्याच्या स्पंदनांवरून काढलं तेव्हा 548 च्या आसपास. आमच्या रस्त्यावर हा दगड चांगले तीनशे मीटर मागे-पुढे पळतो.

मुलांना वाटलं, लांबचा तारा म्हणून असं होतं. ते अर्धंच खरं. लांब गेलं की कोन लहान होतो आणि मोजणीतली तेवढीच चूक मोठी होते. मघाच्या 41 मधून अर्धा गेला तर काही बिघडत नाही. काक्षीच्या साडेसहातून एक गेला तर नव्वदेक प्रकाशवर्षं इकडची तिकडे होतात. म्हणून 300 मीटरपुढे सायकलच्या चाकानं भागतं. पण काक्षीची खरी अडचण वेगळी आहे. हा तारा इतका फुगलेला आहे की आकाशात त्याची तबकडी 40 मिलीआर्कसेकंदांहून रुंद आहे, आणि मोजायचा पराशय आहे फक्त सहा-सात. त्यातून त्याच्या पृष्ठावर तप्त वायूचे मोठमोठे उमाळे येतात, कधी ही बाजू उजळ, कधी ती. प्रकाशाचा मध्य स्वतःच इकडे-तिकडे सरकतो. मोजणाऱ्याला कळत नाही की पृथ्वी फिरली म्हणून तारा हलला की ताऱ्याचा डाग हलला. नंतरच्या गाया उपग्रहाचा इथे उपयोग नाही, त्याच्या कॅमेऱ्यासाठी काक्षी फारच तेजस्वी आहे.

दगड कुठे लावायचा यावर बराच वाद झाला. मधलं अंतर घ्या, सगळ्यांत नवं घ्या, सगळ्या आकड्यांची सरासरी घ्या. सरासरी मी साफ नाकारली, वेगवेगळ्या रीतीनं काढलेले आकडे नुसते मिळवून भागता येत नाहीत. शेवटी एक दगड लावलाच नाही. 427 मीटरपासून 724 मीटरपर्यंत धुऱ्यावरच्या दगडांना थोड्या थोड्या अंतरावर लाल रंगाचे पट्टे दिले. तो सगळा तुकडा काक्षी. सालात सांगायचं तर अलीकडच्या टोकाला 1598, म्हणजे पैठणचे एकनाथ महाराज अजून हयात होते. पलीकडच्या टोकाला 1301, म्हणजे देवगिरीवर यादवांचा रामचंद्रदेव होता. आज दिसणारा काक्षीचा प्रकाश या दोघांच्या मधे कधीतरी निघालाय.

अगस्तीचा आणि चित्रेचाही असाच, पण आखूड तुकडा आहे. अगस्ती 294 ते 326, म्हणजे 1700 ते 1730 च्या दरम्यान, औरंगजेब ते पहिला निजाम.

22 फेब्रुवारी

हे होणारच होतं. किल्लारी इथून जवळ आहे आणि वर्गातल्या अनेकांच्या घरातली माणसं 1993 च्या भूकंपात गेली. एका मुलानं विचारलं, त्या रात्रीचा प्रकाश आत्ता कोणत्या ताऱ्याकडून येतोय?

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आजपासून 31.4 वर्षं मागे. म्हणजे 31.4 प्रकाशवर्षांवरचा तारा हवा. सूची चाळली, त्या अंतरावर सहज दाखवता येईल असा ठळक तारा सापडला नाही. 25 वर अभिजित आहे, त्याचा त्या रात्रीचा प्रकाश 2018 मध्येच येऊन गेला. पुढचा ठळक म्हणजे पुनर्वसूतला पोलक्स, 33.8 वर. त्याचा यायचा आहे.

मग तेच नीट काढलं. पराशय 96.54, मर्यादा 0.27. अंतर 33.78 प्रकाशवर्षं, चूक साधारण महिन्याभराची. 1993 च्या सप्टेंबर अखेरीत 33.78 वर्षं मिळवली की 2027 च्या जुलैचा मध्य येतो. मुलांनी वहीत लिहून घेतलं. पंचांग पाहिल्यावर मात्र अडचण कळली. जुलैच्या मध्याला सूर्य पुनर्वसूतच असतो. पोलक्स त्या दिवसांत सूर्याच्या उजेडात बुडालेला असणार, दिसणारच नाही. ऑगस्टमध्ये तो पहाटे पूर्वेला परत दिसू लागेल, तोवर तो प्रकाश येऊन गेलेला असेल. वर जुलै म्हणजे पावसाळा.

एका मुलीनं उलटा प्रश्न विचारला, तो मला सुचला नव्हता. त्या पहाटे आपल्या लोकांना पोलक्स दिसत होता का? हिशेब केला. अनंत चतुर्दशीची रात्र, चंद्र जवळजवळ पूर्ण. पोलक्स पूर्वेला बराच वर आलेला होता, ढग नसते तर दिसला असता. आणि दिसला असता तो प्रकाश पोलक्सवरून 1959 च्या अखेरीस निघालेला, महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधी.

पोलक्सच्या दगडावर खडूनं दोन सालं लिहिली, आत्ताचं 1991 आणि खाली "1993 येणार : 2027". जास्त काही लिहिलं नाही.

28 फेब्रुवारी

दिवसा दगडांवरून फेरी, संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर आकाशदर्शन. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त. मुलांनीच सगळं सांगितलं. सगळ्यांना धरलं ते एका वाक्यानं. मुलगा म्हणाला, वर बघा, व्याध 2016 चा आहे, प्रश्वा 2013 चा, पोलक्स 1991 चा, रोहिणी 1958 ची. हे सगळे एका वेळी दिसतात, पण एका वेळचे नाहीत.

त्यावर एका पालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मग यातले निम्मे तारे केव्हाच विझले असतील की? हे सगळीकडे ऐकू येतं, आणि ते चूक आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत, आणि ताऱ्यांची आयुष्यं लाखो, कोटी, अब्ज वर्षांची. हजार वर्षं जुनी बातमी त्यात काहीच नाही. सगळ्यांत संशयित तो काक्षी, तो म्हातारा आहे आणि पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी फुटेल असा अंदाज आहे. लाखातली सहाशे वर्षं धरली तर तो आधीच फुटला असण्याची शक्यता शंभरात एकही नाही. 2019 च्या शेवटी तो एकदम मंद झाला तेव्हा बरीच चर्चा झाली. नंतर कळलं की त्यानं बाहेर फेकलेल्या वायूची धूळ आड आली होती. आमच्या लाल पट्ट्यांच्या हिशेबानं ती धूळ 1295 ते 1592 मध्ये कधीतरी उठलेली.

9 मार्च

खर्च. पांढरा आणि लाल ऑइलपेंट, फळ्याचा काळा रंग आणि टर्पेंटाइन मिळून 1,140 रुपये. ब्रश 180. पेंटरची मजुरी 800, एका दिवसाची. सालं मुलांनीच लिहिली म्हणून वाचलं. मोडलेल्या खुंट्यांचे 350 पाण्यात गेले. दगड फुकट, वाहतूक एका पालकाच्या बैलगाडीतून. टेप शेजारच्या शाळेची, परत केली.

राहिलेली कामं : राजन्य लावायचा की नाही ते ठरलं नाही. त्याचा मधला आकडा 863, म्हणजे पुलाच्या जरा अलीकडे, पण तुकडा 792 पासून 948 पर्यंत जातो आणि पुलापलीकडे रस्ता वळतो. हंसाचा ठळक तारा तर चौदाशेच्या घरात, तो सोडून दिला. मघाच्या दगडाचा काळा भाग उन्हानं आत्ताच भुरभुरायला लागलाय, तिथे आधी खरवडून अस्तर मारायला हवं होतं. बाकीच्यांना पावसाळ्याआधी अस्तर आणि दुसरा हात द्यायचा आहे.